लहान-मोठ्या दोन टाक्या जोडताना: पाइप, कॉक आणि फ्लोट

प्रश्न: लातूर. गच्चीवर जुनी १००० लिटरची टाकी आहे, शेजारी नवी २००० लिटरची घेतली. दोन्हींत पाणी सारख्या लेव्हलला राहावं अशी जोडायची आहे. नळाचं आणि बोअरचं पाणी खाली हौदात येतं, तिथून एक एचपीच्या मोटारीने वर चढवतो. पाइप किती इंची घ्यावा, कॉक कुठे बसवावा आणि फ्लोट कोणत्या टाकीत टाकावा? प्लंबर म्हणतो एक इंची पुरेल.

उत्तर: एक इंची पुरणार नाही, दीड इंची घ्या. मोटारीचं पाणी मोठ्या टाकीत सोडा आणि मोटार बंद करणारा फ्लोटही मोठ्या टाकीतच टाका. कॉक मधे एकच बसवू नका, प्रत्येक टाकीपाशी एक असे दोन बसवा. पण पाइप आणायला जाण्याआधी टेप घेऊन गच्चीवर जा, कारण तुमच्या दोन टाक्यांची उंची सारखी नाही आणि खरी अडचण तिथेच आहे.

जोडलेल्या टाक्यांमध्ये सारखी होते ती पाण्याची पातळी. लिटर सारखे होत नाहीत, आणि टाकीचा तळ कुठे आहे याच्याशीही पाण्याला काही घेणंदेणं नसतं. त्यामुळे ज्या टाकीचा ओव्हरफ्लो खाली, तिथून पाणी आधी वाहून जाणार आणि दुसरी टाकी तिथेच थांबणार. दोन्ही टाक्यांच्या तळापासून ओव्हरफ्लोच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. कंपनीगणिक मापं बदलतात, म्हणून आकडे तुमच्याच टाक्यांचे घ्या. हिशेबासाठी मी असं धरतो: लहान टाकीचा व्यास ११० सेंमी आणि ओव्हरफ्लोपर्यंत उंची १०५ सेंमी, मोठीचा व्यास १३६ सेंमी आणि उंची १४० सेंमी. म्हणजे फरक ३५ सेंमीचा.

दोन्ही एकाच ओट्यावर ठेवल्या तर मोठ्या टाकीचा वरचा ३५ सेंमीचा भाग कधीच भरणार नाही. तिच्या तळाचं क्षेत्रफळ साधारण १.४५ चौरस मीटर आहे, म्हणजे सुमारे ५०० लिटर जागा वाया. दोन हजारांचे पैसे देऊन दीड हजारांची टाकी वापरल्यासारखं होईल, आणि आठवड्याला एकदा नळ येणाऱ्या घरात ५०० लिटर म्हणजे थोडं नाही. म्हणून लहान टाकी ३५ सेंमी उचलायची आणि दोघींचे ओव्हरफ्लो एका रेषेत आणायचे. झाकणं किंवा टाकीची कड जुळवू नका, ओव्हरफ्लोच जुळवा. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी इथे सगळ्यांत भरवशाची. नळीत पाणी भरा, आतले बुडबुडे काढा, एक टोक मोठ्या टाकीच्या ओव्हरफ्लोच्या खालच्या कडेला धरा आणि दुसऱ्या टोकाला पाणी जिथे थांबेल तिथे लहान टाकीच्या ओव्हरफ्लोची खालची कड आली पाहिजे. सेंटिमीटरभराचा फरक राहिला तर चालेल.

ओटा बांधताना वजनाकडे लक्ष द्या. भरीव विटांचा सव्वा मीटर बाय सव्वा मीटर, ३५ सेंमी उंच ओटा जवळपास एक टनाचा होतो, म्हणजे भरलेल्या लहान टाकीएवढाच. एएसी ब्लॉकचा केला तर तोच ओटा तीन-साडेतीनशे किलोत बसतो. त्याला सगळ्या बाजूंनी प्लास्टर मात्र करा, कारण हे ब्लॉक पाणी शोषतात. किंवा विटांच्या तीन आडव्या भिंती घेऊन त्यांवर शहाबादी फरशी टाका. वरचा पृष्ठभाग पूर्ण सपाट हवा आणि टाकीचा सगळा तळ त्यावर टेकला पाहिजे. नुसत्या अँगलच्या चौकटीवर ठेवलेली प्लॅस्टिकची टाकी मधे खाली बसते आणि काही उन्हाळ्यांनंतर तळाच्या कडेला चिरते.

मोठी टाकी भरल्यावर तिच्याखाली दर चौरस मीटरला सुमारे १४०० किलो भार येतो. वापरायच्या गच्चीचा स्लॅब सहसा दर चौरस मीटरला १५० किलो चल भार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरून केलेला असतो. त्यामुळे दोन्ही टाक्या बीमवर, कॉलमजवळ किंवा खालून भिंत आलेल्या जागीच ठेवायच्या. स्लॅबच्या मध्यावर नाही. बीम कुठे आहेत हे माहीत नसेल तर इमारतीचा नकाशा केलेल्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नवी टाकी भरू नका.

आता पाइप. मोटारीचं पाणी एका टाकीत पडतं आणि त्यातला काही भाग जोडपाइपातून दुसरीकडे जातो. दोन्ही पातळ्या बरोबरीने वर चढायच्या असतील तर टाक्यांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात पाणी वाटलं गेलं पाहिजे. तुमच्या लहान टाकीचं क्षेत्रफळ ०.९५ आणि मोठीचं १.४५ चौरस मीटर, म्हणजे वाटणी ४० आणि ६० टक्क्यांची. पाणी मोठ्या टाकीत सोडलं तर जोडपाइपातून फक्त ४० टक्के पाणी जाईल. लहान टाकीत सोडलं तर ६० टक्के ढकलावं लागेल. जुनी भरणालाइन लहान टाकीत आहे म्हणून ती तशीच ठेवण्याचा मोह होतो, पण ती मोठ्या टाकीकडे वळवा. पाइपातला विरोध प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ४० ऐवजी ६० टक्के म्हटल्यावर पातळीतला फरक सव्वादोन पट होतो.

तुमची मोटार गच्चीवर नेमकं किती पाणी देते ते मोजून घ्या. वीस लिटरची बादली भरणालाइनच्या तोंडाशी धरा आणि सेकंद मोजा. वीस सेकंदांत भरली तर मिनिटाला ६० लिटर. मी तोच आकडा धरतो. त्याचे ४० टक्के म्हणजे जोडपाइपातून मिनिटाला २४ लिटर जायला हवेत. पाणी आपोआप जात नाही, त्याला ढकलायला दोन टाक्यांच्या पातळीत फरक पडावा लागतो. साधारण दोन मीटर पाइप, चार एल्बो आणि दोन कॉक धरले तर पाऊण इंचीत हा फरक ६५ सेंमीच्या आसपास पडतो, एक इंचीत २० सेंमी, दीड इंचीत अडीच-तीन सेंमी आणि दोन इंचीत फक्त एक सेंमी. व्यास दुप्पट केला की फरक जवळजवळ सोळावा हिस्सा होतो, म्हणून अर्ध्या इंचाने एवढा बदल दिसतो.

एक इंचीने पातळी सारखी होणारच नाही असं नाही. मोटार बंद झाल्यावर आठ-दहा मिनिटांत दोन्ही टाक्या बरोबरीला येतील. दीड इंचीत तेच सव्वा मिनिटात होतं. अडचण आहे ती मोटार चालू असतानाची. मोठी टाकी काठोकाठ आली तेव्हा लहान टाकी २० सेंमी खाली असेल. फ्लोट मोटार बंद करेल, मग मोठीतलं पाणी लहानीकडे जाईल आणि दोन्ही टाक्या ओव्हरफ्लोपासून बऱ्याच खाली स्थिरावतील. दर वेळी दीड-दोनशे लिटर कमी भरणार. त्यापेक्षा त्रासदायक गोष्ट म्हणजे मोठ्या टाकीतली पातळी आठ सेंमी उतरताच आखूड केबलचा फ्लोट पुन्हा मोटार सुरू करतो. मोटार दोन-तीन मिनिटं चालते, थांबते, थोड्या वेळाने पुन्हा चालते. लोक फ्लोट बदलतात, मग स्टार्टर बदलतात, आणि दोष बारीक जोडपाइपात असतो.

तुमच्या घराला दीड इंची योग्य आहे. बादलीच्या मोजणीत मिनिटाला १०० लिटर किंवा जास्त आले तर दोन इंची घ्या, कारण दीड इंचीतला फरकही सात-आठ सेंमीवर जातो. पाइप यूपीव्हीसीचा, पिण्याच्या पाण्यासाठीचा. शेतीचा राखाडी पाइप इथे वापरू नका.

पाइप दीड इंची घेऊनही काम बिघडतं ते निपलपाशी, म्हणजे टाकीच्या भोकात बसणाऱ्या जोडणीपाशी. टाकीला कंपनीने दिलेलं तयार भोक बहुतेकदा एक इंची असतं. प्लंबर तिथे एक इंची निपल लावतो आणि पुढे रिड्यूसर टाकून दीड इंची पाइप ओढतो. दिसायला सगळं दीड इंची दिसतं, पण दोन्ही टोकांना पाणी एक इंची तोंडातून घुसतं आणि निघतं, आणि सर्वांत जास्त विरोध या आत-बाहेर होण्यातच असतो. नुसत्या त्या दोन निपलांमुळे अडीच सेंमीचा फरक दहा-अकरा सेंमीवर जातो. म्हणून दोन्ही टाक्यांना नवं भोक पाडा आणि दीड इंची टँक निपल बसवा. विकत घेताना निपलातून बोट घालून आतला व्यास बघा. काही निपलांची भिंत इतकी जाड असते की आत सव्वा इंचच उरतो.

भोक होल-सॉने पाडा, तापवलेल्या सळईने नको. सळईने कड वितळून जाड होते आणि वॉशर टेकत नाही. जागा टाकीच्या भिंतीच्या सपाट पट्टीवर निवडा, वळणावर किंवा उभारलेल्या रेषेवर नाही. भोकाची खालची कड तळापासून पाच सेंमी वर ठेवा. पावसाळ्यात धरणाच्या पाण्याबरोबर येणारा बारीक गाळ त्याखाली बसून राहील आणि जोडपाइपात जाणार नाही. तो गाळ काढायला अगदी तळालगत वेगळं वॉश-आउट आणि त्याला एक कॉक असलाच पाहिजे. निपलचा रबरी वॉशर टाकीच्या भिंतीला लागूनच बसवा आणि आधी हाताने, मग पान्याने पाऊण-एक फेरा आवळा. वॉशरच्या जागी पुट्टी लावली तर पहिल्या उन्हाळ्यात टाकी ताणली जाऊन ती सुटते.

तुमच्या मांडणीत लहान टाकीचं निपल मोठीच्या निपलापेक्षा ३५ सेंमी वर येईल. जोडपाइप लहानीकडून मोठीकडे सतत उतरता हवा. मधे कुठेही वर उचलून पुन्हा खाली आणायचा नाही, मग तो पाय अडकू नये म्हणून असो की कठड्यावरून न्यायचा म्हणून. पाणी लहान टाकीच्या तळाखाली गेलं की पाइपाच्या वरच्या भागात हवा शिरते. उतार सरळ असेल तर पुढच्या वेळी पाणी चढताना ती हवा लहान टाकीत निघून जाते. मधे कुबड असेल तर हवा तिथेच अडकते. मग पातळी वर आली तरी पाणी गुळगुळ आवाज करत थोडं थोडं जातं किंवा जातच नाही. पाइप आडवा न्यावाच लागला तर खालून, स्लॅबलगत न्या, आणि सर्वांत खालच्या जागी बंद करता येणारं एक टोक ठेवा म्हणजे साचलेला गाळ काढता येईल.

दोन टाक्यांना अगदी सरळ, ताठ पाइपने बांधू नका. प्लॅस्टिकची टाकी भरली की पोट बाहेर काढते आणि रिकामी झाली की आत येते. त्यात आपल्याकडचं ऊन. तीन मीटर यूपीव्हीसी पाइप पहाटे आणि दुपारी मिळून पाच-सहा मिलिमीटरने लांबी बदलतो. हा सगळा ताण निपलवर येतो आणि सहा महिन्यांत तिथून थेंब सुरू होतात. लहान टाकीकडून निघाल्यावर पाइप एल्बोने खाली, मग एल्बोने आडवा असा नेला की त्या वळणात ताण सामावतो. उंचीतल्या फरकामुळे तुमच्याकडे ही वळणं तशीही येणारच आहेत. मधल्या पाइपला स्लॅबवर एक-दोन टेकू द्या आणि सगळ्याला पांढरा रंग मारा.

कॉकची जागा अशी. लहान टाकीचं निपल, त्याला लागून युनियन, म्हणजे पाइप न कापता सोडता येणारा सांधा, मग कॉक, मग उतरता जोडपाइप. पुढे एक टी, जिच्यातून घराची लाइन खाली जाते. मग दुसरा कॉक, युनियन आणि मोठ्या टाकीचं निपल. घराच्या लाइनला टीच्या खाली तिसरा कॉक. युनियन टाकी आणि कॉक यांच्या मधेच हवं, पलीकडे नाही. तसं असलं की एखादी टाकी रिकामी करून कॉक बंद केला, युनियन सोडलं, तर टाकी काढून नेता येते आणि घराला दुसऱ्या टाकीचं पाणी चालू राहतं. मधे एकच कॉक बसवला आणि घराची लाइन एका टाकीलाच जोडली, तर ती टाकी धुवायच्या दिवशी दुसरी भरलेली असूनही घरात पाणी नसतं. ही चूक मी सर्वाधिक पाहतो, आणि ती नंतर सुधारायची म्हणजे दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्या लागतात.

कॉक बॉल व्हॉल्व्हच घ्या, आणि पूर्ण तोंडाचा. उघडल्यावर आतलं भोक पाइपाइतकंच दिसलं पाहिजे. गेट व्हॉल्व्हची चकती बोअरच्या क्षारांमुळे अर्ध्यावर अडकते आणि बाहेरून ते कळतच नाही. बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाइपाच्या रेषेत असला म्हणजे उघडा, आडवा असला म्हणजे बंद. तोही वर्षभर हलवला नाही तर क्षारांनी जाम होतो आणि हवा तेव्हा दांडा तुटून हातात येतो. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी प्रत्येक कॉक एकदा बंद-चालू करा. जोडपाइपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह कधीच नको. पाणी दोन्ही दिशांना जाऊ शकलं तरच पातळी सारखी राहते.

घराची लाइन टीमधून, म्हणजे खालच्या पातळीवरून निघते हे महत्त्वाचं. पाणी उतरत गेलं की आधी लहान टाकी पूर्ण रिकामी होईल आणि शेवटचे साडेचारशे-पाचशे लिटर फक्त मोठीत राहतील. तेही सगळे वापरता येतील. उलट, रिकाम्या टाक्या भरायला घेतल्या की पहिली सात-आठ मिनिटं लहान टाकीत एक थेंबही येणार नाही. तेव्हा पाइप तुंबला असं समजून कोणी युनियन सोडू नये.

लहान टाकी खालूनच भरते आणि खालूनच रिकामी होते, त्यामुळे तिच्यात पाणी फारसं ढवळलं जात नाही. आठवड्यातून एकदा पातळी तिच्या तळाखाली उतरू दिली की जुनं पाणी निघून जातं. नळाचं पाणी ज्या गतीने येतं ते पाहता तुमच्याकडे हे आपोआप होईल. बोअर भरपूर चालत असेल आणि टाक्या कायम भरलेल्या राहत असतील तर मात्र मुद्दाम करा. दोन्ही टाक्यांच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट हवी आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला डास जाणार नाहीत अशी जाळी. हवा कोंडली तर लहान टाकीतली पातळी मागे राहते आणि दोष पुन्हा पाइपावर जातो.

भरणालाइनला मोठ्या टाकीपाशी एक टी देऊन लहान टाकीकडेही फाटा काढा, दोन्ही फाट्यांना एकेक कॉक. रोज मोठीचा उघडा, लहानीचा बंद. मोठी टाकी धुवायला काढली की उलट करायचं. दोन्ही कॉक एकाच वेळी बंद राहू देऊ नका, मोटार बंद तोंडावर चालली तर पाणी आतच घुसळून तापतं आणि सील जातं. याच कारणासाठी मोटारीच्या लाइनवर बॉल कॉक, म्हणजे तरंगत्या गोळ्याने आपोआप बंद होणारा कॉक, बसवून भागवता येत नाही. बॉल कॉक फक्त नळाचं पाणी स्वतःच्या दाबाने चढत असेल तिथे चालतो, तुमच्याकडे तो हौदात बसवा. वर टाक्यांत केबलचा फ्लोट स्विच हवा.

मोठ्या टाकीतला फ्लोट मुख्य. मोटार बंद व्हायची पातळी ओव्हरफ्लोच्या दहा सेंमी खाली ठेवा. केबलवर अडकवलेलं वजन ते फ्लोट यांच्यातली सुटी केबल साधारण २५ सेंमी ठेवली तर चालू आणि बंद होण्याच्या पातळीत ३० ते ३५ सेंमीचा फरक पडतो. दोन्ही टाक्या मिळून ते सुमारे ८०० लिटर होतात. म्हणजे मोटार एकदा सुरू झाली की तेरा-चौदा मिनिटं सलग चालते आणि मग बराच वेळ थांबते. केबल पाच-सात सेंमीच सुटी ठेवली तर दीड इंची पाइप असूनही मोटार वारंवार चालू-बंद होईल. फ्लोट भरणालाइनच्या धारेखाली येऊ देऊ नका आणि तो भिंतीला न घासता फिरतो ना, हे हाताने वर-खाली करून बघा.

मुख्य फ्लोट लहान टाकीत टाकला तर काय होतं तेही समजून घ्या. जोडपाइपाचा कॉक कोणी बंद केला, किंवा हवा अडकली, की लहान टाकीत पाणी येत नाही, फ्लोट खालीच राहतो आणि मोठी टाकी वाहत राहते. म्हणून जिथे धार पडते तिथेच मुख्य फ्लोट, हा नियम मोडू नका. तरीही लहान टाकीत त्याच उंचीवर दुसरा फ्लोट बसवा आणि दोन्ही सिरीजमध्ये जोडा, म्हणजे कोणतीही एक टाकी भरली की मोटार थांबते. रोजच्या वापरात हा फ्लोट मधे पडत नाही, कारण लहान टाकीतली पातळी भरताना नेहमी मोठीच्या मागेच असते. मोठी टाकी बंद ठेवून लहान थेट भरताना तो कामाला येतो. एवढंच लक्षात ठेवा की लहान टाकी भरलेली असताना तिचा कॉक बंद करून ठेवला, तर तिचा फ्लोट वरच राहील आणि मोठी रिकामी झाली तरी मोटार सुरू होणार नाही.

तिसरा फ्लोट हौदात, उलट कामाचा: पाणी असेल तेव्हाच मोटार चालू द्यायची. केबलच्या तीन तारांपैकी काळी सहसा सामाईक असते, तपकिरी आणि निळीचं काम कंपनीप्रमाणे बदलू शकतं. रंगावर विसंबू नका, मल्टीमीटर लावा. वरच्या टाक्यांच्या फ्लोटसाठी अशी जोडी निवडा की फ्लोट लटकता असताना सर्किट जोडलेलं आणि उचलल्यावर तुटलेलं दिसेल. हौदासाठी नेमकी उलटी. हे तिन्ही एकामागोमाग सिरीजमध्ये.

मोटारीचा करंट थेट फ्लोटमधून नेऊ नका. एक एचपीची मोटार चालताना सहा-सात अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. फ्लोटवर १०(४) असं छापलेलं असतं, त्यातला कंसातला आकडा मोटारीसारख्या लोडसाठी असतो. थेट जोडलेल्या फ्लोटचे आतले पॉइंट एक दिवस चिकटतात आणि मग टाकी भरली तरी मोटार थांबत नाही. फ्लोटच्या इशाऱ्यावर मोटार चालू-बंद करणारा किमान १२ अँपिअरचा कॉन्टॅक्टर घ्या. त्याची कॉइल २४ व्होल्टची आणि सोबत छोटा ट्रान्सफॉर्मर असेल तर उत्तम, कारण मग पाण्यात सोडलेल्या केबलमध्ये २३० व्होल्ट येतच नाहीत. मोटारीच्या लाइनवर करंट गळताच लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग हवंच. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

सगळं जोडून झाल्यावर सॉल्व्हंटचे सांधे दिवसभर वाळू द्या आणि मग चाचणी घ्या. दोन्ही टाक्या अर्ध्याच्या वर असताना मोटार चालू करा. दहा मिनिटांनी, मोटार चालू असतानाच, दोन्ही टाक्यांत ओव्हरफ्लोच्या कडेपासून पाण्यापर्यंत पट्टी धरून मोजा. फरक चार सेंमीच्या आत असला पाहिजे. मोटार बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. आता फरक जवळजवळ शून्य यायला हवा. चालू असताना फरक दहाच्या वर गेला आणि बंद केल्यावर हळूहळू मिटला, तर वाट कुठेतरी अरुंद आहे: निपल, अर्धवट उघडा कॉक किंवा सांध्यात आत सांडून वाळलेलं सॉल्व्हंट. बंद केल्यावर अर्ध्या तासानेही फरक कमी-कमी होत नसेल, तर कॉक बंद आहे किंवा हवा अडकली आहे. आणि फरक एक-दोन सेंमीवर येऊन कायमचा तसाच दिसत असेल, तर पाइपात काही दोष नाही, ओव्हरफ्लोची भोकं तेवढी वर-खाली आहेत. अशा वेळी जी टाकी खाली आहे तिच्या ओव्हरफ्लोवरून दोन्ही फ्लोटची उंची ठरवा.

शेवटी मोठ्या टाकीतला फ्लोट काठीने उचलून मोटार थांबते का ते बघा, मग लहान टाकीतला, मग हौदातला खाली ओढून. त्यानंतर मोठीचा फ्लोट खाली दाबून धरा आणि मुद्दाम ओव्हरफ्लो होऊ द्या. लहानीचा फ्लोट मोटार थांबवणार नाही याची काळजी घ्या, तोही खालीच धरून ठेवा. भरणालाइन एक इंची असेल तर ओव्हरफ्लोचा पाइप दीड इंची हवा, आणि मोटारीचं सगळं पाणी त्यातून सहज निघून गेलं पाहिजे. झाकणाखालून पाणी बाहेर येऊ लागलं तर ओव्हरफ्लोची जाळी फार बारीक आहे किंवा पाइप लहान आहे. ते बदलूनच काम पुरं झालं म्हणा.